‘रिक्षा आली’ यातली रिक्षा कुठली? ‘अ’ आणि ‘द’ नसताना मराठी काय करते

संध्याकाळी साडेसातला ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला रिक्षाच्या रांगेत उभं राहिलं की पुढचा कुणीतरी म्हणतो, “रिक्षा आली.” त्याच वेळी नौपाड्यातल्या एखाद्या घरात गॅलरीतून खाली डोकावून कुणी आत हाक मारतं, “अहो, रिक्षा आली!” शब्द तेच दोन. रांगेतल्या माणसाला कुठलीही रिक्षा चालणार होती, त्यातली एक आली. गॅलरीतल्या बाईंनी दहा मिनिटांपूर्वी बोलावून ठेवलेली रिक्षा आली. इंग्रजीत पहिलीला ‘अ’ लागेल, दुसरीला ‘द’. मराठीत दोन्ही नुसत्याच रिक्षा, आणि तरी गॅलरीतली हाक ऐकून “कुठली रिक्षा?” असं घरातलं कुणी विचारत नाही.

मी नौपाड्यात संध्याकाळी नोकरी करणाऱ्यांना इंग्रजी शिकवते. कुणी वागळे इस्टेटमधून येतं, कुणी घोडबंदर रोडवरच्या ऑफिसातून. काळाच्या चुका, स्पेलिंगच्या चुका सरावाने कमी होतात. आर्टिकल मात्र शेवटपर्यंत छळतं. शाळेत ‘मराठीत आर्टिकल नसतं’ एवढं सांगून वीस नियम पाठ करायला दिलेले असतात, आणि ते नियम ईमेल लिहिताना आठवत नाहीत. माझा अनुभव असा, की नियमांपेक्षा स्वतःचं मराठी वाक्य जास्त उपयोगी पडतं. आर्टिकल हा शब्द आपल्याकडे नाही, पण त्याचं काम आपण दिवसभर करत असतो. ते काम वाक्यातली जागा करते, ‘ला’ प्रत्यय करतो, आणि ‘एक’ व ‘एखादा’ हे दोन शब्द करतात. हे तिन्ही आपल्याच वाक्यात ओळखता आले की ‘अ’ की ‘द’ याचं उत्तर बहुतेक वेळा समोरच असतं. मी वर्गात ज्या क्रमाने घेते त्याच क्रमाने इथे सांगते.

सुरुवात: कुणाला माहीत आहे, हे विचारा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थोडं थांबू. एका विद्यार्थ्याने लिहिलं होतं, “येस्टर्डे आय मेट द ओल्ड फ्रेंड.” मी म्हटलं, इथे ‘ॲन ओल्ड फ्रेंड’ हवं. त्याचा प्रश्न रास्त होता: “मॅडम, पण मला माहीत आहे ना तो कोण ते! मग तो निश्चित नाही का झाला?”

त्याला माहीत होतं, मला नव्हतं. ‘द’ लावायचा की नाही हे बोलणाऱ्याच्या माहितीवर ठरत नाही, ऐकणाऱ्याच्या माहितीवर ठरतं. ‘द’ म्हणजे बोलणारा समोरच्याला सांगतो, “कुठलं ते तुला कळेल.” ‘अ’ म्हणजे, “हे तुला नवीन आहे, आता सांगतोय.” म्हणून प्रत्येक नामापाशी थांबून एकच विचारायचं: हे वाचणारा आता ‘कुठला?’ असं विचारेल का? विचारण्याची शक्यता असेल तर ‘अ’. त्याला विचारायची गरजच पडणार नसेल तर ‘द’. ‘आज जुना मित्र भेटला’ असं सांगितलं की समोरचा लगेच “कोण रे?” म्हणतो. म्हणजे ‘ॲन’.

पहिली पायरी: ‘द’ म्हणजे ‘तो’ हे समीकरण पुसून टाका

बहुतेकांच्या डोक्यात ‘द’ म्हणजे ‘तो, ती, ते’ असं बसलेलं असतं. त्याला थोडा आधारही आहे. जुन्या इंग्रजीत ‘तो’ या अर्थाचा जो दर्शक शब्द होता, तोच झिजत झिजत ‘द’ झाला. तसाच ‘अ’ हा मुळात ‘एक’ या अर्थाचा शब्द. ‘ॲन’मधला न उच्चाराच्या सोयीसाठी मागून चिकटवलेला आहे असं आपण शिकतो, पण खरं उलट आहे. तो न मूळचाच आहे. व्यंजनापुढे तो गळून पडला आणि स्वरापुढे टिकला.

म्हणजे इंग्रजीनेही भांडवल ‘एक’ आणि ‘तो’ एवढंच वापरलं. फरक असा, की तिथे हे शब्द झिजून सक्तीचे झाले आणि आपल्याकडे त्यांचा मूळ जोर अजून शाबूत आहे. मराठी ‘तो’ अजूनही बोट दाखवतो. बोट दाखवायची गरज नसते तिथे तो आला की वाक्य खटकतं.

सोसायटीच्या फलकावर ‘लिफ्ट आज दुपारी बंद राहील’ असं लिहिलेलं असतं. इंग्रजीत तिथे ‘द लिफ्ट’ येतं. आता ‘ती लिफ्ट आज दुपारी बंद राहील’ असं लिहून पाहा. वाचणारा विचारेल, ती म्हणजे कुठली, दुसरी चालू आहे का? इमारतीत लिफ्ट एकच आहे, सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे मराठीत नुसतं नाम पुरतं. सूर्य, चंद्र, सरकार, पगार, स्टेशन यांचंही तसंच. ‘मी स्टेशनवर आहे’ असं नौपाड्यातून निघालेल्या माणसाने सांगितलं की ते ठाणे स्टेशनच असतं.

याहून बारीक जागा पुढची. ‘आम्ही कोपरीला घर घेतलं. स्वयंपाकघर जरा लहान आहे.’ स्वयंपाकघराचा आधी उल्लेख नाही, पण घर म्हटलं की त्याच्यासोबत स्वयंपाकघर येतंच. इंग्रजीत इथे न चुकता ‘द किचन’ हवं. मराठीत ‘ते स्वयंपाकघर जरा लहान आहे’ म्हटलं तर घर बाजूला राहतं आणि दुसऱ्याच कुठल्यातरी स्वयंपाकघराची गोष्ट सुरू झाल्यासारखी वाटते. रिक्षा म्हटली की ड्रायव्हर, लग्न म्हटलं की नवरी, फोन केला की पलीकडची रिंग: पहिल्याच्या पाठोपाठ दुसरं ओळखीचं होऊनच येतं. माझे विद्यार्थी इथे हमखास ‘अ’ लावतात, कारण ‘पहिल्यांदा आलं की अ, दुसऱ्यांदा आलं की द’ हा शाळेतला नियम त्यांना पाठ असतो. तो नियम खोटा नाही, अर्धा आहे.

आणि त्या नियमाचा जो खरा अर्धा भाग आहे तो आपण इंग्रजीच्या तासाला शिकतच नाही, त्याच्या कितीतरी आधी शिकतो. एक होता कावळा, एक होती चिमणी. कावळ्याचं घर होतं शेणाचं, चिमणीचं घर होतं मेणाचं. पहिल्या वाक्यात ‘एक’ लावून दोघं गोष्टीत आले, दुसऱ्या वाक्यात ‘एक’ गळला. ‘त्या कावळ्याचं’ असं कुठल्या आजीने म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. कावळा एकच आहे, मग बोट कशाला दाखवायचं? दोन कावळे असते तर ‘त्या’ लागला असता.

म्हणून या पायरीचं काम असं: मराठी वाक्यात नामाआधी ‘तो’ असेल तर इंग्रजीत आधी ‘दॅट’ बसतं का ते पाहा. बोट दाखवायचं असेल तर तेच बरोबर. नामाआधी काहीच नसेल तर घाईने ‘अ’ लावू नका, कारण नुसतं नाम दोन्हीकडे जाऊ शकतं. ते कुठे झुकतंय हे पुढच्या दोन पायऱ्या सांगतात.

दुसरी पायरी: नाम वाक्यात कुठे बसलंय ते पाहा

‘टेबलावर चावी आहे.’ ‘चावी टेबलावर आहे.’ दोन्ही वाक्यांत तेच तीन शब्द, फक्त क्रम बदललेला. पहिलं वाक्य ‘टेबलावर काय आहे?’ याचं उत्तर आहे; ऐकणाऱ्याला चावीबद्दल काही माहीत नव्हतं. दुसरं वाक्य ‘चावी कुठे आहे?’ याचं उत्तर आहे. चावी दोघांच्याही डोक्यात आधीपासून होती, फक्त सापडत नव्हती. इंग्रजीत पहिलं ‘देअर इज अ की ऑन द टेबल’ आणि दुसरं ‘द की इज ऑन द टेबल’. इंग्रजी जो फरक शब्द लावून करते, तो मराठी चावीला एक घर पुढे-मागे सरकवून करते.

नियम मांडायचा तर असा: जे ओळखीचं आहे ते वाक्याच्या तोंडाशी येतं, जे नवीन आहे ते क्रियापदाला खेटून बसतं. ‘दारात माणूस उभा आहे’ म्हटलं की घरातले दचकून विचारतात, “कोण?” ‘माणूस दारात उभा आहे’ म्हटलं तर गॅस सिलिंडर घेऊन येणारा, ज्याची सकाळपासून वाट पाहत होतो, तो आलाय आणि आत यायचा खोळंबलाय. ‘गावदेवीपाशी बँक आहे’ हे वाट विचारणाऱ्याला सांगायचं. ‘बँक गावदेवीपाशी आहे’ हे त्याला सांगायचं, ज्याला आपली बँक सापडत नाहीये.

याची परीक्षा करायची सोपी रीत आहे. आपलं वाक्य कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे ते ठरवा आणि तो प्रश्न मोठ्याने विचारा. नाम प्रश्नातच येत असेल, जसं ‘चावी कुठे आहे?’, तर ते ओळखीचं, ‘द’. नामाच्या जागी ‘काय’ किंवा ‘कोण’ येत असेल तर ते नवीन, ‘अ’. वर्गात मी वहीत प्रत्येक नामाखाली पेन्सिलीने ‘काय’ किंवा ‘कुठे’ लिहायला लावते. पहिले दोन आठवडे हे फार बालिश वाटतं, तरी लिहून घ्यायचंच.

जागेवर मात्र डोळे झाकून विसंबू नका. बोलताना आपण आवाजाने क्रम उलटवतो. ‘आहे की चावी टेबलावर!’ यात चावी क्रियापदाच्या मागे गेली तरी ती ओळखीचीच आहे. ‘आहे की’वरच्या जोराने वाक्य भांडणाचं झालंय. म्हणून परीक्षा करताना वाक्य संथ, बातमी वाचल्यासारखं म्हणा. दुसरी अडचण म्हणजे दोनच शब्दांच्या वाक्यात सरकायला जागाच नसते. ‘रिक्षा आली’मध्ये रिक्षा तोंडाशीही आहे आणि क्रियापदाला खेटूनही. तिथे फक्त प्रसंग सांगतो, आणि आपल्याला सुरुवातीच्या प्रश्नाकडे परत यावं लागतं: ऐकणारा ‘कुठली?’ विचारेल का?

तिसरी पायरी: ‘ला’ लागलाय का?

‘रविवारी आम्ही डोंबिवलीला मुलगी बघायला चाललोय.’ हे ऐकलं की शेजारच्या काकू विचारतात, मुलाचं ठरवताय वाटतं? आता त्यात एक प्रत्यय घाला: ‘रविवारी आम्ही डोंबिवलीला मुलीला बघायला चाललोय.’ काकूंचा आवाज लगेच बदलतो: काय झालं तिला, बरी आहे ना? पहिल्या वाक्यातली मुलगी म्हणजे स्थळ, कोण ते अजून माहीत नाही किंवा सांगायचं नाही. दुसऱ्यातली मुलगी म्हणजे आपली, ठरावीक, नावागावाची. बदल झाला तो फक्त ‘ला’मुळे.

भूतकाळात हा फरक क्रियापदातही दिसतो. ‘आम्ही मुलगी पाहिली’ यात क्रियापद मुलीच्या लिंगाप्रमाणे चालतं. ‘आम्ही मुलीला पाहिलं’ यात ‘ला’ आल्यावर क्रियापद मुलीशी जुळवून घेणं सोडतं आणि नपुंसकलिंगी एकवचनात थांबतं. कर्माला ‘ला’ लागला आहे की नाही हे घाईत नजरेतून सुटलं तरी क्रियापदाच्या शेवटावरून पकडता येतं.

रोजच्या कामात याचा उपयोग व्यवसायांच्या नावांत होतो. ‘नळ गळतोय, प्लंबर बोलव’ म्हणजे कुठलाही चालेल, इंग्रजीत ‘अ प्लंबर’. ‘प्लंबरला बोलव’ म्हणजे आपला नेहमीचा, मागच्या महिन्यात येऊन गेलेला, इंग्रजीत ‘द प्लंबर’. ‘डॉक्टर शोधतोय’ आणि ‘डॉक्टरांना शोधतोय’ यांतही तेच. दुसऱ्या वाक्यातला माणूस बहुधा दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये उभा आहे आणि त्याला ठरावीक डॉक्टर हवे आहेत.

या पायरीला तीन मर्यादा आहेत. पहिली, हे फक्त सजीवांबाबत चालतं. ‘मी पुस्तक वाचलं’मधल्या पुस्तकाला सहसा ‘ला’ लागत नाही, मग ते ठरावीक असो वा नसो. ‘पुस्तकाला वाचलं’ हे मराठी कानाला खुपतं. वस्तूंसाठी दुसऱ्या पायरीवरच जा. दुसरी, देण्याच्या वाक्यात ‘ला’ यायलाच हवा असतो, त्यामुळे ‘भिकाऱ्याला पैसे दिले’मधल्या ‘ला’वरून काही ठरत नाही. तिसरी जास्त महत्त्वाची: ‘मी एका माणसाला पाहिलं’. इथे ‘ला’ आहे आणि ‘एका’ही आहे. अशा वेळी ‘एका’चं ऐकायचं, म्हणजे ‘अ’. ‘ला’ एवढंच सांगतो की खरोखर एक विशिष्ट माणूस होता. तो ऐकणाऱ्याला माहीत नाही हे ‘एका’ सांगतो.

चौथी पायरी: ‘एक’ आणि ‘एखादा’ यांत गल्लत करू नका

इथे मराठी इंग्रजीच्या पुढे आहे असं मी वर्गात सांगते, आणि ते उगाच नाही. इंग्रजीत जिथे एकटा ‘अ’ आहे तिथे आपण दोन शब्द वापरतो. ‘मला एक प्लंबर माहीत आहे’: मला ठाऊक, तुला नाही. ‘एखादा प्लंबर माहीत आहे का?’: मलाही ठाऊक नाही, कुठलाही चालेल. म्हणूनच घडून गेलेल्या एका प्रसंगाबद्दल ‘एखादा’ चालत नाही. ‘काल एखादा प्लंबर आला होता’ असं कुणी म्हणणार नाही, कारण आला म्हणजे तो कोणीतरी एक झालाच.

मराठीतून इंग्रजीत जाताना हे सोपं आहे: ‘एक’ असो की ‘एखादा’, दोन्हीला ‘अ’. कस लागतो तो उलट दिशेने. ‘शी वॉन्ट्स टु मॅरी अ डॉक्टर’ या इंग्रजी वाक्याचे दोन अर्थ होतात आणि इंग्रजी वाचणाऱ्याला ते पुढच्या वाक्यापर्यंत कळत नाहीत. मराठीत अनुवाद करायचा तर आधी निवडावं लागतं. ‘तिला एका डॉक्टरशी लग्न करायचंय’ म्हटलं तर डॉक्टर ठरलेला आहे, घरच्यांना सांगायचं राहिलंय. ‘तिला डॉक्टरशी लग्न करायचंय’ म्हटलं तर अजून कुणी नाही, नुसती अपेक्षा आहे, आणि आई स्थळं बघत बसली आहे. अनुवाद करणारे बरेचदा दिसेल त्या ‘अ’ला ‘एक’ लावतात आणि नकळत त्या मुलीचं लग्न ठरवून टाकतात.

‘एक’चा आणखी एक घोटाळा आहे. ‘माझा भाऊ इंजिनिअर आहे’ यात मराठीला ‘एक’ नको असतो, पण इंग्रजीत ‘ॲन इंजिनिअर’ लागतो. व्यवसाय सांगताना ‘अ’ गळण्याची चूक याच सवयीतून येते. इथे कुठलीच परीक्षा नाही, लक्षात ठेवायचं. आणि ‘एक दहा मिनिटांत पोचतो’मधला ‘एक’ म्हणजे अंदाजे. त्याचा आर्टिकलशी संबंध नाही. (दहा मिनिटांशीही फारसा नसतो.)

ओघात एक छोटी खूण सांगते, कारण ती कधी चुकत नाही. ‘दोन रिक्षा थांबल्या’ आणि ‘दोन्ही रिक्षा थांबल्या’. ‘दोन्ही’, ‘तिन्ही’, ‘चारही’ हे शब्द मोजदादीबरोबर सांगतात की तेवढ्याच होत्या आणि तुला माहीत आहेत. त्यामुळे ‘तिन्ही फाइल्स पाठवल्या’चं इंग्रजी ‘ऑल थ्री फाइल्स’ किंवा ‘द थ्री फाइल्स’, नुसतं ‘थ्री फाइल्स’ नाही. ऑफिसच्या ईमेलमध्ये या एका चुकीने समोरचा ‘उरलेल्या कधी पाठवताय?’ असं विचारतो.

पूर्ण उदाहरण: रिक्षात सापडलेली बॅग

वर्गात मी सगळ्यांना स्वतःचा एक प्रसंग आधी मराठीत लिहायला सांगते. एकाने लिहिलेला मजकूर असा होता:

‘काल संध्याकाळी तलावपाळीजवळ मी रिक्षा पकडली. रिक्षात एक बॅग होती. मी ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, बॅग माझी नाही. बॅगेत लॅपटॉप आणि डायरी होती. डायरीत फोन नंबर होता. मी त्या नंबरवर फोन केला. फोन एका बाईंनी उचलला.’

त्याच्या पहिल्या इंग्रजी मसुद्यात ‘आय टुक द ऑटो’ होतं, ‘आय आस्क्ड अ ड्रायव्हर’ होतं, आणि ‘अ बॅग इज नॉट माइन’ होतं. तिन्ही चुका. आता त्याच्याच मराठीकडे पाहू.

‘मी रिक्षा पकडली.’ रिक्षा क्रियापदाला खेटून आहे आणि वाक्य ‘काय पकडलं?’ याचं उत्तर आहे. वाचणाऱ्याला ही रिक्षा नवीन, म्हणून ‘ॲन ऑटो’. आपण स्वतः तिच्यात बसलो होतो, म्हणून त्याने ‘द’ लावला होता. तो सुरुवातीला सांगितलेलाच सापळा.

‘रिक्षात एक बॅग होती.’ रिक्षा आता तोंडाशी गेली, म्हणजे ओळखीची झाली: ‘इन द ऑटो’. बॅग ‘एक’सकट क्रियापदाजवळ आली: ‘देअर वॉज अ बॅग’. नवीन आणि जुनं यांची जागा मराठीत किती स्वच्छ असते ते या एका वाक्यात दिसतं.

‘मी ड्रायव्हरला विचारलं.’ ड्रायव्हर पहिल्यांदाच आलाय, पण रिक्षाबरोबर आलाय. विचारण्याच्या क्रियापदाला ‘ला’ लागतोच, त्यामुळे इथे तिसरी पायरी साक्षीला उपयोगी नाही. पण ‘एका ड्रायव्हरला विचारलं’ असं लिहून पाहिलं की लगेच कळतं: मग तो दुसऱ्याच रिक्षाचा ड्रायव्हर होतो. ‘एका’ घालून अर्थ बिघडतोय, म्हणजे ‘द ड्रायव्हर’. ही ‘एक’ घालून पाहण्याची युक्ती मला सगळ्यात जास्त भरवशाची वाटते.

‘बॅग माझी नाही.’ बॅग तोंडाशी, दोन वाक्यं आधी येऊन गेलेली: ‘द बॅग’.

‘बॅगेत लॅपटॉप आणि डायरी होती.’ ‘एक’ नाही म्हणून तो इथे अडखळला होता. पण ‘बॅगेत काय होतं?’ असा प्रश्न विचारा. लॅपटॉप आणि डायरी ‘काय’च्या जागी येतात. ‘एक लॅपटॉप’ म्हटलं तरी अर्थ बिघडत नाही. दोन्हीला ‘अ’.

‘डायरीत फोन नंबर होता’ यात तोच सांधा पुन्हा: डायरीला ‘द’, नंबरला ‘अ’. ‘त्या नंबरवर फोन केला’ यात त्याने ‘त्या’ लिहिला होता, आणि तो चालतोही, कारण इथे बोट दाखवणं आहे. इंग्रजीत ‘दॅट नंबर’ किंवा ‘द नंबर’ दोन्ही बसेल.

शेवटचं वाक्य मला फार आवडलं. ‘फोन एका बाईंनी उचलला.’ कर्ता साधारणपणे आधी येतो, पण इथे त्याने न विचार करता फोन पुढे नेला आणि बाईंना क्रियापदाशी आणलं. फोनची गोष्ट आधीच चालू होती, बाई नवीन होत्या. इंग्रजीत शब्द असे हलवता येत नाहीत. कर्ता पहिल्या जागी खिळलेला असतो. म्हणून तिथे नवेपण सांगायला ‘अ’ लागतोच: ‘अ वुमन आन्सर्ड द फोन.’ आपली भाषा क्रम हलवून जे करू शकते, ते इंग्रजीला आर्टिकलने करावं लागतं.

जिथे मराठी मदत करत नाही

काही जागा मात्र पाठच कराव्या लागतात. नद्यांच्या नावाआधी ‘द’ येतो, म्हणून ‘द उल्हास’. रस्त्यांच्या नावाआधी बहुधा येत नाही, म्हणून नुसतं ‘घोडबंदर रोड’. यामागचं तर्कशास्त्र शोधण्यात वेळ घालवू नका. पाणी, माहिती, फर्निचर, सामान हे इंग्रजीत मोजायचे शब्द नाहीत, त्यांना ‘अ’ कधीच लागत नाही, मराठीत तुम्ही ‘एक माहिती द्यायची होती’ म्हणत असलात तरी.

आणि सर्वसाधारण विधानं सांभाळा. ‘रिक्षावाले जवळचं भाडं घेत नाहीत’ यात रिक्षावाले वाक्याच्या तोंडाशी आहेत, म्हणून दुसऱ्या पायरीप्रमाणे कुणी ‘द’ लावेल. पण ही एकूणच रिक्षावाल्यांची तक्रार आहे, ठरावीक कुणाची नाही. इंग्रजीत अनेकवचन नुसतं ठेवायचं. ‘द’ लावला तर आपल्या नाक्यावरच्या त्या चार-पाच जणांवर आरोप होतो. ओळखायची खूण म्हणजे ‘सहसा’ हा शब्द: वाक्यात ‘सहसा’ घालता येत असेल तर विधान सर्वसाधारण असण्याची शक्यता मोठी.

पुढच्या तासाला मी विद्यार्थ्यांना ही दोन वाक्यं देणार आहे: ‘घरी पाहुणे आलेत’ आणि ‘पाहुणे घरी पोचलेत’. पहिल्यातल्या पाहुण्यांसाठी ऑफिसातून लवकर निघायची परवानगी मागायची आहे, साहेबांना ते कोण हे माहीत नाही, म्हणून ‘वी हॅव गेस्ट्स ॲट होम’. दुसऱ्यातल्या पाहुण्यांना सकाळी गाडीत बसवून दिलं होतं, आणि ते पोचले का हे बायको तिसऱ्यांदा विचारतेय: ‘द गेस्ट्स हॅव रीच्ड होम.’